दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर यूपीआयने काढलेले पैसे मोफत व्यवहारांत मोजले जातात का?

तापीकाठचा_शिक्षक
सर्व सभासदांना नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका गावात राहतो. आमच्या फाट्यावर एकच एटीएम आहे आणि ते माझ्या बँकेचे नाही. माझ्या बँकेचे मशीन तालुक्याच्या गावी आहे. ऑगस्टच्या मध्यास माझे कार्ड चालेनासे झाले आणि नवे कार्ड टपालाने यायला वेळ लागला. निंदणीची मजुरी रोखीनेच द्यावी लागते, म्हणून मी फाट्यावरील मशीनवर कार्डाशिवाय, यूपीआयने पैसे काढले. यूपीआयला शुल्क नसते अशी माझी समजूत होती. महिनाअखेर पासबुकात 27.14 रुपयांच्या तीन नोंदी दिसल्या, म्हणजे एकूण 81.42 रुपये वजा झाले. त्या महिन्यात त्या मशीनवर केलेले सर्व व्यवहार पासबुक आणि मोबाइलवरील संदेश पाहून खाली लिहितो.

2 ऑगस्ट: कार्डाने फक्त शिल्लक पाहिली.
5 ऑगस्ट: कार्डाने 10,000 रुपये काढले.
11 ऑगस्ट: शिल्लक पाहिली आणि मग कार्डाने 5,000 रुपये काढले.
17 ऑगस्ट: यूपीआयने 10,000 आणि लगेच पुन्हा 6,000 रुपये काढले.
24 ऑगस्ट: यूपीआयने 3,000 रुपये काढायला गेलो, खात्यातून रक्कम वजा झाली, पण मशीनमधून नोटा आल्या नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा 3,000 काढले, ते मिळाले. अडकलेले 3,000 रुपये 2 सप्टेंबरला खात्यात परत आले.

बँकेत विचारले असता "यूपीआयचे शुल्क लागते" एवढेच उत्तर मिळाले. हे शुल्क योग्य आहे का, आणि योग्य असेल तर तीन वेळा कसे लागले, हे कोणी समजावून सांगावे.

अमळनेरकर
सर, यूपीआय पूर्णपणे मोफत आहे आणि तो नियम सरकारचाच आहे. किराणा दुकानात क्यूआर स्कॅन केला तर आपल्याकडून एक पैसाही घेत नाहीत. बँकेने चूक केली आहे, तिन्ही नोंदींची रक्कम परत मागा. शिवाय मोफत मर्यादेनंतरचे शुल्क 21 रुपये आहे, म्हणजे जीएसटी धरून 24.78 होतात, 27.14 हा आकडाच चुकीचा आहे.

निवृत्त_रोखपाल
अमळनेरकर भाऊ, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. दुकानात किंवा एखाद्याला पैसे पाठवताना यूपीआयला शुल्क नाही, हे खरे. एटीएमची गोष्ट मात्र वेगळी पडते. रिझर्व्ह बँकेने 19 मे 2022 रोजी सर्व बँकांच्या एटीएमवर कार्डाशिवाय पैसे काढण्याची सोय देण्याविषयी परिपत्रक काढले. त्यानुसार खातेदार खरा कोण आहे याची खात्री यूपीआयने होते, पण बँकांमधील पैशांचा हिशोब मात्र कार्डाच्या व्यवहाराप्रमाणेच एटीएमच्या जाळ्यातून, म्हणजे नॅशनल फायनान्शियल स्विचमधून चुकता होतो. तुम्ही दुसऱ्याच्या मशीनमधून नोटा घेतल्या की तुमची बँक त्या मशीनच्या मालकाला ठराविक रक्कम देते. पैसे काढण्याच्या व्यवहारासाठी ती सध्या 19 रुपये आहे. ती द्यावी लागतेच, मग तुम्ही कार्ड घातलेले असो वा मोबाइल दाखवलेला असो. म्हणूनच त्या परिपत्रकात असे आहे की कार्डाशिवाय काढलेल्या पैशांना एटीएमचेच नेहमीचे शुल्क लागेल, त्याहून वेगळे काही आकारता येणार नाही.

याचा अर्थ असा की यूपीआयसाठी मोफत व्यवहारांचा वेगळा कोटा नाही. कार्डाचे आणि यूपीआयचे व्यवहार एकाच मोजणीत येतात. रकमेबाबत सांगायचे तर 21 रुपयांची कमाल मर्यादा 1 जानेवारी 2022 पासून होती आणि 1 मे 2025 पासून ती 23 रुपये झाली. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.14, मिळवला की 27.14 होतात. आकडा बरोबर आहे. तीन नोंदींचे गणित मात्र मला पटत नाही. त्याबद्दल सवडीने लिहितो.

सावद्याची_केळी
मी रावेर तालुक्यातील आहे. आमच्याकडे केळी कटाईच्या मजुरांना रोख द्यावी लागते, त्यामुळे हा प्रश्न आम्हालाही नेहमी पडतो. आमच्या गावातील सेवा केंद्रात आधारवर अंगठा लावून पैसे देतात, तेही या पाचमध्ये धरतात का? आणि तेथे दुकानदार दर हजारामागे वेगळे पैसे घेतो, ते बरोबर आहे का?

निवृत्त_रोखपाल
केळीवाले दादा, अंगठ्याचा व्यवहार हा एटीएमचा व्यवहार नाही. त्याचे नियम आणि मर्यादा निराळ्या आहेत आणि बँकेनुसार बदलतात. त्याचा वेगळा धागा काढल्यास येथील हिशोबात गोंधळ होणार नाही. दुकानदाराबद्दल आपल्या बँकेच्या शाखेत लेखी विचारावे आणि घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागावी.

आता शिक्षक सरांच्या ऑगस्ट महिन्याकडे वळतो. बचत खात्याला दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्यात किमान पाच व्यवहार मोफत मिळतात. महानगरांतील मशीनवर तीन. चोपडा महानगर नाही, म्हणून पाच धरू. या पाचांत पैसे काढणे आणि शिल्लक पाहणे दोन्ही येतात, आणि बहुतेकांचा हिशोब येथेच चुकतो. सरांच्या यादीत 2 तारखेची शिल्लक हा पहिला व्यवहार, 5 तारखेचे 10,000 हा दुसरा, 11 तारखेची शिल्लक हा तिसरा, त्याच दिवशीचे 5,000 हा चौथा आणि 17 तारखेचे 10,000 हा पाचवा. येथे मोफत संपले. लगेच काढलेले 6,000 हा सहावा व्यवहार, त्यावर 27.14 लागणे नियमाला धरून आहे. 24 तारखेला ज्यात नोटा मिळाल्या तो सातवा, त्यावरही लागू. उरलेली तिसरी नोंद नोटा न आलेल्या व्यवहाराची असली पाहिजे, आणि ती चुकीची आहे.

रिझर्व्ह बँकेने 14 ऑगस्ट 2019 रोजी स्पष्ट केले आहे की मशीनमधील बिघाड, संपर्क तुटणे, नोटा नसणे, चुकीचा पिन, किंवा बँकेच्या बाजूचे दुसरे कोणतेही कारण असेल तर तो व्यवहार मोजायचा नाही आणि त्यावर शुल्कही घ्यायचे नाही. म्हणजे आपल्याकडून रीतसर घ्यायचे शुल्क 54.28 होते, 27.14 परत मिळायला हवेत.

धुळ्याचे_दुकान
माझ्या बाबतीत उलट झाले आहे. माझ्या खात्यात 1,800 रुपये होते आणि मी दुसऱ्या बँकेच्या मशीनवर 2,000 मागितले. पैसे मिळाले नाहीत, तरी बँकेने दंड कापला. बिघडलेला व्यवहार मोजत नाहीत म्हणता, मग हा कसा मोजला?

निवृत्त_रोखपाल
दोन्हींतील फरक असा आहे की तुमच्या बाबतीत मशीन आणि जाळे बरोबर चालले होते, पण खात्यात पुरेशी रक्कम नव्हती. हे कारण 2019 च्या त्या यादीत नाही. अनेक बँका अपुऱ्या शिलकीमुळे नाकारलेल्या व्यवहारावर शुल्क घेतात आणि ते त्यांच्या शुल्कपत्रकात लिहिलेले असते. खात्यात रक्कम किती आहे याचा अंदाज नसल्यास ती आधी पाहावी, पण त्या मशीनवर नव्हे. मोबाइलमधील यूपीआय अ‍ॅपवर किंवा बँकेच्या मिस्ड कॉलच्या सोयीने पाहिल्यास पाचातील एकही व्यवहार खर्च होत नाही. यूपीआय अ‍ॅपवर एका अ‍ॅपमधून दिवसाला 50 वेळा शिल्लक पाहता येते, आणि ती मर्यादा कोणत्याही घरगुती वापराला पुरेशी आहे. सरांनी 2 आणि 11 तारखेची शिल्लक फोनवर पाहिली असती तर ऑगस्टमध्ये त्यांचे मोजलेले व्यवहार पाचच झाले असते आणि एक रुपयाही शुल्क लागले नसते.

तापीकाठचा_शिक्षक
रोखपाल साहेब, मनापासून आभार. शिल्लक पाहण्याचाही हिशोब होतो हे मला कोणीच सांगितले नव्हते. एक शंका राहते. 17 तारखेला मला 16,000 रुपये हवे होते, पण मशीनने एका वेळी 10,000 पेक्षा जास्त दिले नाहीत, म्हणून दोनदा करावे लागले. हा व्यवहार एकच धरला जाऊ शकत नाही का?

निवृत्त_रोखपाल
नाही. यूपीआयने एका व्यवहारात कमाल 10,000 रुपये काढता येतात, आणि मशीनमधून जितक्या वेळा नोटा बाहेर येतील तितके व्यवहार धरले जातात. कार्डानेही अनेक मशीन दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाला एका वेळी 10,000 च देतात, त्यामुळे फरक फारसा पडला नसता. शिवाय दिवसाची एकूण मर्यादा तुमची बँक ठरवते. काही बँकांनी यूपीआयने रोख काढण्याची मर्यादा कार्डापेक्षा कमी ठेवली आहे. मोठी रक्कम लागणार असेल तेव्हा तालुक्याला जाऊन स्वतःच्या बँकेच्या मशीनवर किंवा काउंटरवर काढावी आणि गावातील मशीन लहान गरजेपुरते ठेवावे, असे मी आमच्या शेतकरी खातेदारांना सांगत असे.

शहादा_मनीषा
मी स्वतः ही सोय नियमित वापरते, म्हणून कृतीबद्दल लिहिते. वरच्या चर्चेत ती राहून गेली आहे. मशीनच्या पडद्यावर `UPI Cash Withdrawal` किंवा `Cardless Cash` असा पर्याय दिसला तरच पुढे जावे. सर्व मशीनवर तो नसतो. रक्कम भरल्यावर पडद्यावर क्यूआर उमटतो. तो त्या एकाच व्यवहारापुरता असतो आणि थोडाच वेळ टिकतो. अ‍ॅपमधून तो स्कॅन करायचा, खाते निवडायचे, यूपीआय पिन टाकायचा आणि मशीनमधून नोटा घ्यायच्या. येथे एटीएम कार्डाचा पिन चालत नाही. आमच्या सासूबाई पहिल्यांदा वारंवार कार्डाचाच पिन टाकत राहिल्या आणि काम अडून बसले.

खरी अडचण मोबाइलच्या रेंजची आहे. आमच्या गावातील मशीनच्या खोलीत सिग्नल जेमतेम येतो. अ‍ॅप फिरत राहते आणि तेवढ्यात मशीनवरील क्यूआरची वेळ संपते. पिन टाकण्याआधीच वेळ संपली असेल तर काही बिघडत नाही, पुन्हा रक्कम भरता येते. पण पिन टाकून झाल्यावर अ‍ॅपमध्ये "प्रलंबित" दिसत असेल आणि मशीन पहिल्या पडद्यावर परत गेले असेल, तर घाई करून दुसरा व्यवहार सुरू करू नये. बँकेचा संदेश येईपर्यंत थांबावे, आधीची रक्कम वजा झाली की नाही ते पाहावे आणि मगच दुसऱ्यांदा प्रयत्न करावा.

आणखी एक सावधगिरी सांगते. दुसऱ्या कोणी पडद्यावर आणलेला क्यूआर कधीही स्कॅन करू नये. बाजाराच्या दिवशी मशीनपाशी गर्दी असते आणि कोणी "ताई, माझ्या फोनला नेट नाही, एवढे स्कॅन करून द्या" असे म्हणाले तर पैसे आपल्या खात्यातून जातात आणि नोटा तो घेतो. रक्कम स्वतः भरावी आणि त्यानंतर आलेलाच क्यूआर स्कॅन करावा.

अमळनेरकर
मनीषा ताई, उपयुक्त माहिती. रोखपाल साहेब, माझे अर्धे म्हणणे चुकले, मान्य आहे. पण एक सांगा: फाट्यावरील ज्या मशीनवर कोणत्याही बँकेचे नावच नसते, केवळ कंपनीचे नाव असते, ते कोणाचे धरायचे? माझ्या शेजाऱ्याचे म्हणणे की ते कोणाचेच नसल्याने सगळ्यांना मोफत आहे.

निवृत्त_रोखपाल
शेजाऱ्यांचा समज उलटा आहे. बँक नसलेल्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने मशीन चालवण्याचा परवाना दिला आहे. इंडिया1, हिताची मनी स्पॉट ही त्यांतील नावे आपल्या भागातील रस्त्यांवरही दिसतात. अशा कंपन्यांच्या मशीनपैकी यूपीआयने चालणारे मशीन हिताचीनेच सप्टेंबर 2023 मध्ये प्रथम आणले. अशा मशीनवर तुम्ही कोणत्याही बँकेचे ग्राहक असलात तरी तो दुसऱ्याच्याच मशीनवरील व्यवहार असतो आणि पाचांतच मोजला जातो. कोणत्याही बँकेच्या ग्राहकाला ते "स्वतःचे" ठरत नाही. ज्या मशीनवर एखाद्या बँकेचे नाव आहे पण देखभाल कंपनी करते, ते मात्र त्या बँकेचेच धरतात.

नवापूर_ते_सुरत
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच विषयातला. मी कामानिमित्त सुरतेत असतो, भाऊ पुण्यात आहे आणि आमचे खाते नंदुरबारच्या शाखेत आहे. महानगरात तीनच मोफत म्हणता. ते खाते कोठे आहे यावर ठरते की मशीन कोठे आहे यावर?

निवृत्त_रोखपाल
मशीन कोठे आहे यावर. त्या यादीत फक्त सहा शहरे आहेत: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद. सुरत आणि पुणे दोन्ही त्यात नाहीत, त्यामुळे तुम्हा दोघांनाही तेथील दुसऱ्या बँकेच्या मशीनवर पाच व्यवहार मोफत. खाते नंदुरबारचे असले तरी मुंबईतील मशीनला तीनाची मर्यादा लागेल.

धुळ्याचे_दुकान
मग मुंबईत तीन काढून धुळ्यात आलो तर पुन्हा पाच मिळतात, म्हणजे आठ होतात?

शहादा_मनीषा
माझ्या बँकेच्या शुल्कपत्रकात "एकूण पाच, त्यांपैकी महानगरात कमाल तीन" असे लिहिले आहे. म्हणजे मुंबईत तीन वापरले तर शहाद्यात दोनच उरतात.

नवापूर_ते_सुरत
माझ्या बँकेच्या पत्रकात मात्र "महानगर 3, इतर ठिकाणी 5" अशा दोन वेगळ्या ओळी आहेत, "एकूण" हा शब्द नाही. मी त्याचा अर्थ आठ असाच घेतला होता.

निवृत्त_रोखपाल
दोघांचेही वाचन आपापल्या पत्रकापुरते बरोबर असू शकते. रिझर्व्ह बँकेने किमान मोफत व्यवहार ठरवले आहेत. बँक त्याहून जास्त देऊ शकते. मी नोकरीत होतो तेव्हा आमच्याकडे एकूण पाच धरत. दोन ओळींच्या पत्रकाचा अर्थ त्या बँकेकडून ईमेलने लेखी घ्यावा. फोनवर मिळालेले उत्तर पुढे तक्रारीत दाखवता येत नाही.

शिक्षक सरांच्या प्रकरणात एक मोठा मुद्दा सुटू नये म्हणून पुन्हा लिहितो. 27.14 रुपयांपेक्षा मोठी रक्कम त्यांच्या अडकलेल्या 3,000 रुपयांत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, खात्यातून वजा झाले पण मशीनने पैसे दिले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ते स्वतःहून परत करायचे असतात. उशीर झाला तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. 2022 च्या परिपत्रकाने हा नियम कार्डाशिवायच्या व्यवहारालाही लागू ठेवला आहे. हे दिवस कॅलेंडरप्रमाणे धरतात, सुट्ट्या वगळत नाहीत. 24 ऑगस्टपासून पाचवा दिवस 29 ऑगस्ट. पैसे 2 सप्टेंबरला आले, म्हणजे 30, 31, 1 आणि 2 असे चार दिवस उशीर. भरपाई 400 रुपये. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने द्यायची असते, पण न दिल्यास मागावी लागते.

तापीकाठचा_शिक्षक
साहेब, हे तर मला ठाऊकच नव्हते. पण मशीन माझ्या बँकेचे नाही, मग तक्रार मशीनवाल्यांकडे करायची की माझ्या बँकेकडे? शाखेत मला "मशीनवाल्यांना विचारा" असे सांगितले होते.

निवृत्त_रोखपाल
तुमच्या बँकेकडेच. खाते तिचे आहे, पैसे तिने वजा केले आहेत. मशीनच्या मालकाकडून हिशोब मिळवणे हे तिचे काम आहे. लेखी तक्रारीत तारीख, वेळ, मशीनवर लिहिलेला त्याचा क्रमांक, रक्कम आणि अ‍ॅपमध्ये दिसणारा बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक द्यावा. दोन मागण्या वेगवेगळ्या मांडाव्यात: नोटा न आलेल्या व्यवहारावरील 27.14 रुपये परत मिळावेत, आणि उशिराच्या चार दिवसांचे 400 रुपये मिळावेत. एकत्र लिहिल्यास बँक एकीचे उत्तर देऊन तक्रार बंद करते, असे मी खुर्चीच्या या बाजूने अनेकदा पाहिले आहे. तक्रार क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

सावद्याची_केळी
आमच्या सहकारी बँकेचे खाते यूपीआय अ‍ॅपमध्ये चालते, दुकानात पैसेही जातात, पण एटीएमवरील क्यूआर स्कॅन केला की "ही सेवा आपल्या बँकेत उपलब्ध नाही" असा संदेश येतो. यात माझ्या फोनचा दोष आहे का?

शहादा_मनीषा
दादा, फोनचा दोष नाही. यूपीआय सुरू असणे वेगळे आणि एटीएमवरून यूपीआयने रोख काढू देणे वेगळे. दुसरी सोय बँकेने स्वतंत्रपणे सुरू करावी लागते. माझे एक खाते चालते आणि दुसरे याच कारणाने चालत नाही. त्याच अ‍ॅपमध्ये दुसऱ्या बँकेचे खाते जोडलेले असेल तर स्कॅन करताना ते निवडून पाहा.

अमळनेरकर
आणि जनधन खात्याचे काय? आमच्या मजुरांची बहुतेक खाती तीच आहेत.

निवृत्त_रोखपाल
त्यांना 23 रुपयांचा हा नियम तसाच लागू होत नाही. मूलभूत बचत खात्याला महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणे मोफत आहे, त्यात एटीएममधून काढलेलेही धरतात. पाचव्या वेळी काय होते ते बँकेवर अवलंबून आहे. आपल्या मजुरांचे खाते ज्या शाखेत आहे तेथे एकदा विचारून ठेवावे, कारण आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी दोनशे-तीनशे रुपये काढणाऱ्याचे चार व्यवहार पाहता पाहता संपतात.

तापीकाठचा_शिक्षक
आज सकाळी शाखेत दोन वेगळ्या तक्रारी लेखी दिल्या आणि दोन्हींचे क्रमांक घेतले. व्यवस्थापकांनी 27.14 रुपयांची चूक जागेवरच मान्य केली. 400 रुपयांबाबत मात्र त्यांचे म्हणणे असे पडले की यूपीआयचा व्यवहार असल्याने एटीएमच्या भरपाईचा नियम लागू नाही. मी 19 मे 2022 च्या परिपत्रकाची छापील प्रत तक्रारीला जोडली आणि पोच घेतली. उत्तर आले की येथेच लिहीन. तोपर्यंत ज्यांना अशीच भरपाई यूपीआयच्या व्यवहारावर प्रत्यक्ष मिळाली असेल त्यांनी बँकेचे पत्र कोणत्या शब्दांत होते ते कृपया सांगावे.